एका नोट्स चॅनेलचं नाव आणि वर्णन: सुरुवातीपासून नव्याने लिहिताना

चॅनेल टेलिग्रामवरचं. एमपीएससीच्या गट ब आणि गट क संयुक्त पूर्व परीक्षेचा, म्हणजे मुलं जिला 'कम्बाईन' म्हणतात तिचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने ते सुरू केलं होतं. टिपणं ती लिहायची, टाकायचं काम तिचा धाकटा भाऊ करायचा. माझ्याकडे ते आलं तेव्हा नाव असं होतं:

🔥🎯 MPSC UPSC सरळसेवा पोलीस भरती Official Notes 2024 🎯🔥

आणि वर्णन असं: "सर्व स्पर्धा परीक्षांसाठी अत्यंत उपयुक्त नोट्स, PDF, चालू घडामोडी, टेस्ट सिरीज. 100% यशाची खात्री! आजच जॉइन व्हा आणि मित्रांना शेअर करा. टीप: येथील मजकुराचे आम्ही मालक नाही, केवळ शैक्षणिक हेतूने दिला आहे."

प्रत्यक्ष चॅनेलमध्ये होतं काय? आधुनिक भारत आणि महाराष्ट्राचा इतिहास, आणि राज्यशास्त्र. हाताने लिहून स्कॅन केलेली टिपणं, एका घटकाची एक पीडीएफ, शेवटी त्या घटकावर आयोगाने आधी विचारलेले प्रश्न त्यांच्या वर्षासह. सत्यशोधक समाजावरचं चार पानांचं टिपण मी वाचलं, आणि ते खरंच चांगलं होतं. टेस्ट सिरीज नव्हती. यूपीएससीचं काही नव्हतं. पोलीस भरतीचंही नव्हतं. भाऊ म्हणाला, "दादा, सगळे असंच नाव ठेवतात, म्हणून ठेवलं."

तक्रार मात्र त्यांना नीट सांगता येत होती. माणसं येतात आणि निघून जातात. टेलिग्रामच्या आकडेवारीत किती जण आले, किती गेले आणि नवे सदस्य कुठून आले, लिंकवरून, शोधातून की दुसऱ्या चॅनेलमधून, हे वेगवेगळं दिसतं. शोधातून आलेले बरेचसे लगेच बाहेर पडत होते. कोणीतरी टिपण फॉरवर्ड केल्यावर जे आले ते टिकत होते. शिवाय रोज कोणी ना कोणी विचारायचं, 'ताई, पोलीस भरतीचे नोट्स कधी येणार?' टिपणांचा दर्जा बदलायची गरज नव्हती. दारावरची पाटी आतल्या मालाशी जुळत नव्हती, एवढंच.

नाव कुठे वाचलं जातं

नाव लिहिताना बहुतेक जण चॅनेलचं पान उघडून बघतात. तिथे नाव मोठ्या अक्षरात, पूर्ण दिसतं आणि छान वाटतं. पण सदस्य ते पान एकदा उघडतो, फार तर दोनदा. नाव खरं वाचलं जातं ते तीन जागी.

पहिली जागा म्हणजे चॅटची यादी. टेलिग्राम शीर्षकाला 128 अक्षरं देतं, पण फोनच्या यादीत त्यातली सुरुवातीची वीस-पंचवीसच दिसतात, पुढे टिंबं. तयारी करणाऱ्या मुलाच्या यादीत अशी दहा-पंधरा चॅनेल्स असतात आणि जवळपास सगळ्यांची सुरुवात 'MPSC' ने होते. आमच्या नावाचा दिसणारा भाग होता दोन चित्रं आणि 'MPSC UPSC सरळ…'. शेजारच्या चॅनेलपासून ते ओळखू येण्याचं काहीच कारण नव्हतं.

दुसरी जागा फॉरवर्ड. अभ्यासिकेच्या ग्रुपवर टिपण जातं तेव्हा त्याच्या डोक्यावर ते कुठून आलं ते छोट्या अक्षरात येतं, तेही कापलेलंच. या चॅनेलची टिकणारी माणसं याच वाटेने येत होती. म्हणून माझ्या हिशेबात ही जागा सगळ्यात मोलाची.

तिसरी जागा लिंक. व्हॉट्सॲपवर चॅनेलची लिंक टाकली की खाली एक चौकट येते, त्यात फोटो, नाव आणि वर्णनाची सुरुवात. म्हणजे वर्णनाचं पहिलं वाक्य हे जाहिरातीचं वाक्य आहे, मग तिथे 'अत्यंत उपयुक्त' असो की परीक्षेचं नाव.

या तिन्ही जागांचा निष्कर्ष एकच निघतो: ओळखीचा शब्द आधी, परीक्षा त्यानंतर, विषय शेवटी. इथे भावाने रास्त शंका काढली. 'MPSC' आधी नसेल तर शोधात कसं सापडणार? शोधणारा मुलगा इंग्रजी अक्षरांत 'mpsc' टाइप करतो, 'एमपीएससी' असं देवनागरीत फार थोडे लिहितात. म्हणून MPSC आणि Combine हे दोन शब्द नावात रोमन अक्षरांतच ठेवायचे, हे ठरलं. पण ते सगळ्यात पुढेच हवेत असं नाही, शीर्षकात असले म्हणजे झालं. नाव बदलल्यावर आम्ही चॅनेलमध्ये नसलेल्या एका मैत्रिणीच्या फोनवरून शोधून खात्री करून घेतली. ही तपासणी स्वतःच्या फोनवर करू नये, आपण जिथे सदस्य आहोत ते चॅनेल आपल्याला नेहमी वरच दिसतं.

विषयांची नावं देवनागरीत ठेवली. History लिहावं की इतिहास, यावर थोडा खल झाला. मराठी माध्यमातून परीक्षा देणाऱ्याला टिपणं मराठीत आहेत हे नावावरूनच कळलं पाहिजे, आणि तेवढं काम लिपीच करते. 'मराठी माध्यम' असे दोन शब्द वेगळे खर्च करावे लागत नाहीत.

काढलेले शब्द

UPSC, सरळसेवा आणि पोलीस भरती निघाले, यात चर्चेला फार जागा नव्हती. ज्याला फक्त कम्बाईनचा इतिहास हवा त्याला चार परीक्षांची नावं पाहून वाटतं की हा सगळीकडून गोळा केलेला माल असणार. ज्याला पोलीस भरती हवी तो येतो आणि तीन दिवसांनी जातो, नाहीतर चॅनेल म्यूट करून ठेवतो.

'2024' काढायला ती तयार नव्हती. वर्ष असलं की चॅनेल ताजं वाटतं, हे तिचं म्हणणं. पण एमपीएससीच्या बाबतीत वर्ष उलटं अंगावर येतं. 2024 ची गट ब संयुक्त पूर्व परीक्षा झाली फेब्रुवारी 2025 मध्ये. नावातलं 2024 हे परीक्षेचं वर्ष, टिपणं लिहिल्याचं वर्ष की चालू वर्ष, हे नव्या मुलाला कळत नाही. निकाल लागून पुढची जाहिरात आली की तेच चॅनेल जुनं ठरतं, जरी 1857 च्या उठावावरचं टिपण तसंच्या तसं उपयोगी असलं तरी. वर्षाची जागा टिपणाच्या फाईलच्या नावात आहे. तिथे ते 'सुधारित 2025' असं लिहिलं की खरं काम करतं.

हाच धोका परीक्षेच्या स्वरूपाचाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय आधी 2023 पासून लागू व्हायचा होता, मुलांच्या आंदोलनानंतर तो 2025 वर गेला. ज्यांच्या चॅनेलच्या नावातच 'राज्यसेवा मुख्य वस्तुनिष्ठ' होतं त्यांची त्या काळात काय तारांबळ उडाली असेल! आयोग जे बदलू शकतो ते नावात कोरू नये. वर्णनात लिहावं, कारण वर्णन दोन मिनिटांत बदलता येतं आणि बदललेलं कुणाच्या डोळ्यावरही येत नाही.

'Official' मात्र चर्चा न करता निघालाच पाहिजे असा शब्द. अनेक चॅनेलवाले तो 'आमचं हेच मूळ चॅनेल' या अर्थाने लावतात. वाचणाऱ्याला, विशेषतः MPSC च्या शेजारी वाचणाऱ्याला, तो आयोगाचा वाटतो. टेलिग्रामवर खोट्या ओळखीची तक्रार करता येते आणि तक्रार मान्य झाली तर चॅनेलच्या नावापुढे FAKE अशी खूण लागते. ती लागली की नाव कितीही सुंदर असो, उपयोग नाही. आयोगाचं बोधचिन्ह किंवा राजमुद्रा फोटोत लावण्याबद्दलही तेच. राजमुद्रेच्या गैरवापरावर तर 2005 चा स्वतंत्र कायदाच आहे. त्यांच्या फोटोत वहीचं पान होतं, तेवढं बरं.

'100% यश', 'हमखास येणारे प्रश्न', 'पेपर फुटण्याआधी वाचा' हे सगळं एकाच कुळातलं. यातलं शेवटचं त्यांनी एका जुन्या पोस्टमध्ये गमतीने वापरलं होतं. पेपरफुटीच्या प्रकरणांनंतर केंद्राने 2024 मध्ये सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा कायदा लागू केला. तो यूपीएससी, एसएससी, रेल्वे, बँक भरती अशा केंद्रीय परीक्षांचा आहे, पण वातावरण सगळीकडे तेच आहे. नोट्सच्या चॅनेलवर 'पेपर' आणि 'फुटणे' हे शब्द शेजारी शेजारी असणं ही गंमत राहिलेली नाही. ती पोस्ट तिने त्याच बैठकीत काढून टाकली.

राहिला चित्रांचा प्रश्न. आग आणि बाण ठेवायला माझी तत्त्वतः हरकत नाही, पण यादीत दिसणाऱ्या वीस-पंचवीस जागांपैकी सुरुवातीच्याच जागा ती खातात.

लिंकचं नाव

शीर्षक हवं तेव्हा बदलता येतं. t.me/ नंतर येणारं नाव बदलणं जड जातं, म्हणून त्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. नियम साधे आहेत: 5 ते 32 अक्षरं, फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर, सुरुवात अक्षराने. लहान-मोठ्या अक्षरांत फरक नाही.

जुन्या लिंकमध्ये mpsc, official, notes आणि 24 हे सगळं अंडरस्कोरने जोडलेलं होतं. ती बोलून सांगता येत नव्हती. अभ्यासिकेत एकाने दुसऱ्याला चॅनेल सांगायचं म्हणजे 'एमपीएससी, मग खालची रेघ, मग ऑफिशियल, नाही नाही, नोट्स नंतर'. असं सांगितल्यावर दुसरा माणूस शोधात काहीतरी टाइप करतो आणि जे पहिलं येईल त्यात जातो, बहुधा दुसऱ्याच कोणाच्या चॅनेलमध्ये.

मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिताना आणखी एक अडचण असते. तिचं पहिलं मत 'नोंदवही' होतं. मी आजूबाजूच्या चौघांना तो शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगितला: nondvahi, nondwahi, nondavahi, nond vahi. चार माणसं, चार लिंका. 'इतिहास' मध्ये itihas आणि itihaas होतं, 'टिपण' मध्ये एक p की दोन हा वाद. v-w, a-aa, i-ee आणि जोडाक्षरं जिथे येतात तिथे हे होणारच. शेवटी 'नोंद' उरला. तो सगळ्यांनी nond असाच लिहिला. त्याला Combine जोडला, कारण तो शब्द मुलांना जाहिरातींत, पुस्तकांवर रोज दिसतो आणि त्याचं स्पेलिंग कोणी चुकत नाही:

```
t.me/nondcombine
```

अकरा अक्षरं, रेघ नाही, अंक नाही. फोनवर तोंडी सांगून समोरच्याने पहिल्याच खेपेला बरोबर उघडलं, तेव्हा हे पक्कं केलं.

आता जड भाग. लिंकचं नाव बदललं की जुनी लिंक मरते, आणि तिच्याबरोबर प्रत्येक संदेशाची स्वतंत्र लिंकही मरते. हिने प्रत्येक पीडीएफच्या तळाशी जुनी लिंक छापलेली होती आणि त्या पीडीएफ कुठकुठे फिरत होत्या. शिवाय सोडलेलं नाव मोकळं होतं, दुसरं कोणीही ते घेऊ शकतं. जुन्या टिपणावरची लिंक दाबून मुलगा भलत्याच चॅनेलमध्ये, कदाचित पैसे मागणाऱ्या चॅनेलमध्ये पोचला, तर नाव हिचं खराब होणार.

म्हणून क्रम असा ठेवला. आधी मुख्य चॅनेलला नवं नाव दिलं आणि लगेच, त्याच बसल्या बैठकीत, एक रिकामं सार्वजनिक चॅनेल उघडून जुनं नाव त्याला दिलं. एका खात्यावर अशी दहा सार्वजनिक नावं ठेवता येतात, त्यामुळे अडचण आली नाही. त्या रिकाम्या चॅनेलचं शीर्षक 'हे चॅनेल हलवले आहे' आणि आत एकच पोस्ट, नवी लिंक असलेली. पीडीएफच्या तळाशी नवी लिंक टाकायचं काम हळूहळू होत राहील, पण जुनी पाटी आता चुकीच्या दारी नेत नाही.

शीर्षक त्याच दिवशी बदललं:

नोंद: MPSC Combine इतिहास-राज्यशास्त्र

शीर्षक बदललं की टेलिग्राम चॅनेलमध्ये आपोआप एक ओळ टाकतं. पण ती वाचून सदस्याला काही बोध होत नाही. त्याला फक्त यादीत अनोळखी नाव दिसतं, आणि अनोळखी चॅनेलमधून लोक पटकन बाहेर पडतात. म्हणून त्या ओळीखाली दोन वाक्यांची पोस्ट टाकायला सांगितली, 'नाव बदललं आहे, टिपणं तीच, लिहिणारी तीच', आणि फोटो काही आठवडे मुद्दाम जुनाच ठेवला. डोळा नावाआधी फोटो ओळखतो.

255 अक्षरांचं वर्णन

वर्णनाला 255 अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती देवनागरीत वाटते त्यापेक्षा फार लवकर संपते. टेलिग्राम काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतं. 'राज्यशास्त्र' आपल्याला रा-ज्य-शा-स्त्र असा चार अक्षरांचा शब्द वाटतो, मोजणीत तो 12 भरतो. Polity 6 मध्ये होतं. तिने कागदावर लिहून आणलेला पहिला मसुदा म्हणूनच मध्येच तुटला, आणि तुटलेला भाग होता नेमका संपर्काचा.

खोडत खोडत जे उरलं ते असं:

```
गट ब व गट क संयुक्त पूर्व: आधुनिक इतिहास व राज्यशास्त्र. एका घटकाचे एक टिपण, स्वतः लिहिलेले. सोबत मागील प्रश्न, वर्षासह. सोमवार-गुरुवार नवे टिपण. पुस्तकांचे PDF व चालू घडामोडी येथे नाहीत. आयोगाशी संबंध नाही. चूक दिसल्यास टिपणाखाली लिहा.
```

हे 236 भरतं. पहिल्या वाक्यात परीक्षेचं औपचारिक नाव आणि विषय, कारण लिंकच्या चौकटीत तेवढंच दिसण्याची खात्री आहे. शीर्षकात बोलीतलं Combine आहे, वर्णनात 'संयुक्त पूर्व', त्यामुळे दोन्ही शब्दांनी ओळखणाऱ्याला खूण पटते. 'जॉइन व्हा' निघालं, खाली टेलिग्रामचं स्वतःचं बटण असतंच. 'उपयुक्त' निघालं, कारण आजवर कुणी निरुपयोगी नोट्स म्हणून चॅनेल काढलेलं नाही.

'सोमवार-गुरुवार' लिहायला ती घाबरत होती, चुकलं तर? मी म्हटलं, चुकणार असेल तर आठवड्यातून एकच वार लिहा, पण वार लिहा. 'नियमित अपडेट्स' सगळेच लिहितात आणि ते कुणी वाचत नाही. तिने दोन्ही वार ठेवले.

सगळ्यात जास्त वाद झाला तो 'येथे नाहीत' या वाक्यावर. भावाचं म्हणणं, जे नाही ते कशाला सांगायचं, लोक येणार नाहीत. ज्यांनी येऊ नये त्यांनी येऊ नये म्हणूनच ते वाक्य आहे. 'पोलीस भरतीचे नोट्स कधी' हा प्रश्न रोज आला की उत्तर देण्यात वेळ जातो, नाही दिलं तर उद्धट दिसतं. आकडेवारीत आलेल्यांपेक्षा गेलेल्यांची रेघ मला जास्त महत्त्वाची वाटते. चॅनेल सोडलेला माणूस बहुधा परत येत नाही.

मग तो जुना खुलासा, 'येथील मजकुराचे आम्ही मालक नाही'. हे वाक्य ढाल म्हणून लिहिलं जातं, पण वाचलं तर तो कबुलीजबाब आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या एका लेखिकेने तिचं साहित्य टेलिग्राम चॅनेल्सवर फुकट फिरतं म्हणून दावा लावला, आणि ऑगस्ट 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला त्या चॅनेलचालकांची माहिती देण्याचा आदेश दिला. टेलिग्रामने ती दिलीही. 'शैक्षणिक हेतू' लिहिल्याने दुसऱ्याचं आख्खं पुस्तक वाटण्याची परवानगी मिळत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधली स्वतःच्या अभ्यासासाठीची मोकळीक त्या अभ्यासकाची आहे, हजारोंना फाईल पाठवणाऱ्याची नाही.

इथे शब्द बदलून भागणार नव्हतं. 'स्वतः लिहिलेले' असं वर्णनात लिहायचं तर ते खरं असायला हवं, आणि सुरुवातीच्या महिन्यांत भावाने दोन-तीन प्रकाशनांच्या पीडीएफ टाकल्या होत्या. त्या काढल्या. चॅनेलमधून काढल्या तरी ज्या फॉरवर्ड झाल्या त्या परत येत नाहीत, हे त्यांनाही कळलं. त्यातली एक पीडीएफ चॅनेलवर सर्वाधिक पाहिली गेलेली होती, त्यामुळे ती काढताना भावाचा चेहरा पडला होता.

'आयोगाशी संबंध नाही' हे वाक्य मात्र नवं घातलं. Official गेल्यावर त्याची गरज काय, असं तिने विचारलं. नावात MPSC आहे तोवर कोणीतरी हॉलतिकिटाबद्दल विचारणारच, म्हणून.

शेवटच्या वाक्यासाठी चॅनेलला चर्चेचा ग्रुप जोडला, म्हणजे प्रत्येक टिपणाखाली प्रतिक्रिया लिहिता येते. ते वाक्य जोडल्यावर पहिल्याच आठवड्यात एका घटनादुरुस्तीच्या वर्षाची चूक कोणीतरी दाखवली आणि टिपण सुधारलं गेलं.

बदलांनंतर नव्या सदस्यांचा वेग मंदावला, हे लपवण्यात अर्थ नाही. शोधातून येणारे कमी झाले, कारण UPSC आणि भरती शोधणाऱ्यांना आता हे चॅनेल दिसत नाही. सोडून जाणारे त्याहून जास्त कमी झाले आणि पोलीस भरतीचा प्रश्न थांबला. 'mpsc notes' एवढंच शोधलं तर मोठी, जुनी चॅनेल्स अजूनही वर येतात. तिथे नावाच्या शब्दांनी काही होणार नाही, तिथे फॉरवर्डच उपयोगी पडतो.

आता तिला भूगोल सुरू करायचा आहे. लिंकला हात लावायचा नाही, ती विषयावर बेतलेलीच नाही. शीर्षकात इतिहास आणि राज्यशास्त्राच्या मध्ये 'भूगोल' बसतो आणि यादीत दिसणारा पुढचा भाग तसाच राहतो. वर्णनात 'आधुनिक इतिहास, भूगोल व राज्यशास्त्र' असं केलं की 7 अक्षरं वाढून 243 होतात. पण हे सगळं भूगोलाची निदान पाच टिपणं चॅनेलवर पडल्यावर करायचं, आधी नाही.